काका ज्या मोर्चात होते

*ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, बारावीला आहे. अमेरिकेतल्या पाच कॉलेजांना अर्ज करतोय आणि कॉमन ॲपचा, म्हणजे या सगळ्यांना एकदम जाणाऱ्या अर्जाचा, मुख्य निबंध आमच्या गावच्या खाणीवर लिहिलाय. आमच्या सरांनी वाचून सांगितलं, ‘राजकारण आणि धर्म अर्जात नको, वाचणारा कोण असेल सांगता येत नाही.’ मैत्रीण म्हणते, हेच लिही, नाहीतर तुझ्यात वेगळं काय? मला गुळमुळीत लिहायचं नाही. पण वाचणाऱ्याला मी नकोसा वाटलो तर? मसुदा सोबत पाठवतोय. एक सांगायचं राहिलं, जनसुनावणीत मी खाणीच्या विरोधात निवेदन दिलं तेव्हापासून आमचे काका माझ्याशी बोलत नाहीत.*

खाणीवरच लिही. सरांची भीती खोटी नाही, पण धोका विषयात नाही. तुझ्या मसुद्यातल्या चार-पाच वाक्यांत आहे आणि ती वाक्यं मी पेन्सिलने खुणा करून ठेवली आहेत. एकेक घेऊन बोलू.

सगळ्यात आधी हे वाक्य: ‘ज्यांना फक्त पैसा दिसतो असे लोक अजूनही खाणी सुरू करा म्हणून मोर्चे काढतात.’ तुला वाटतं, वाचणारी व्यक्ती अमेरिकेत बसलेली, तिला डिचोलीतल्या मोर्चाचं काय? पण मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला लोहखनिजाच्या खाणींचा मोठा पट्टा आहे. पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनियात पिढ्यान् पिढ्या घरं कोळशाच्या खाणीवर चालली. तुझा निबंध ज्याच्या टेबलावर पडेल त्याचे आजोबा त्या खाणीत गेलेले असू शकतात. त्याला गोवा ठाऊक नसेल, पण ‘ज्यांना फक्त पैसा दिसतो’ हे वाचताना त्याला आपल्या घरातला माणूस दिसेल. तो खाणींच्या विरोधातला असला तरी दिसेल. वाचक मनातून उठून जातो तो अशा जागी. तुझं मत वेगळं आहे म्हणून तो जात नाही, त्याच्या माणसांविषयी तू काय समजतोस ते कळलं म्हणून जातो.

आणि त्या मोर्चात तुझे काका होते. हे मला मसुद्याच्या अगदी शेवटच्या परिच्छेदातून कळलं, तेही अर्ध्या ओळीत. काकांना ‘फक्त पैसा’ दिसत होता का? तूच तिथे टिपरच्या कर्जाबद्दलचं त्यांचं वाक्य लिहिलंयस, ‘खाण थांबली तरी हप्ता थांबत नाही.’ सबंध मसुद्यात विरुद्ध बाजूच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने बोललेलं हे एकच वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं वाक्यही तेच आहे.

आता मोजमाप सांगते. या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. तुझे ६४० झालेत. त्यातले ३९० शब्द इतिहासाचे आहेत: पोर्तुगीज काळातले परवाने, शाह आयोग, २०१२ ची बंदी, २०१४ साली ठरलेली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ खाणपट्टे, त्यानंतरचे लिलाव. सगळं बरोबर आहे आणि तू नीट वाचून लिहिलंयस हे दिसतं. पण हे कुठल्याही वर्तमानपत्रात मिळेल. वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल ठरवायचंय, गोव्याच्या खाणींबद्दल नाही. आणि वादाच्या विषयात इतिहास लांबला की आणखी एक गोष्ट होते. वाचणाऱ्याला वाटतं, हा मला आपल्या बाजूला ओढतोय, पुरावे रचतोय. तो मग वकिलाचं भाषण ऐकावं तसा सावध होऊन वाचू लागतो, आणि एकदा सावध झाला की पुढे तू कितीही मनापासून लिहिलंस तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

गोव्याबाहेरच्या माणसाला लागेल तेवढाच संदर्भ ठेव. माझ्या अंदाजाने साठ शब्द पुरतात. त्यात दोन गोष्टी सांगाव्याच लागतील. एक, आपल्याकडच्या खाणी उघड्या आहेत, डोंगर वरून कापत खाली जातात. ‘खाण’ म्हटलं की परदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढे जमिनीखालचं भुयार येण्याचा संभव आहे आणि मग तुझ्या विहिरीचा भाग त्याला कळणारच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने राज्यातलं लोहखनिजाचं काम थांबलं. बस्स. आयोग, टन, पट्टे सगळं जाऊ दे. वाईट वाटेल, मेहनत केलीयस, पण काढ.

मग उरलेल्या जागेत काय? तुझ्या तिसऱ्या परिच्छेदाच्या तळाशी हे आहे: ‘आजी विहिरीच्या दोराला गाठी मारून पाणी किती खाली गेलं ते बघायची.’ मी इथे थांबले. बराच वेळ थांबले. ही गाठ माझ्या दृष्टीने तुझा निबंध आहे, आणि तू ती एका वाक्यात उरकून पुढे ‘भ्रष्ट यंत्रणा’ या शब्दांकडे धावलास.

त्या गाठीचा उपयोग कसा करायचा ते सांगते, कारण वादाच्या विषयात दावा कसा मांडावा याचं उत्तरही तिच्यातच आहे. तू लिहिलंस, ‘खाणीने आमचं पाणी गिळलं.’ विरुद्ध मताचा माणूस इथे लगेच विचारतो, कशावरून? पाऊस कमी झाला असेल, शेजाऱ्याने बोअर मारली असेल. तू काय पाहिलंस, काय वाचलंस आणि कशाचा अंदाज बांधलास, या तिन्हींची सरमिसळ झालीय. ती सोडव. पाहिलंस ते असं की दरवर्षी दोराला नवी गाठ पडायची, आणि ती आधीच्या गाठीच्या पलीकडे असायची. वाचून कळलं ते असं की खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी भरतं, काम चालू ठेवायला ते पंपाने सतत उपसावं लागतं, आणि त्या उपशाने आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरू शकते. अंदाज असा की आमच्या विहिरीचं तसंच झालं असावं, कारण पंप थांबल्यानंतरच्या उन्हाळ्यात आजीला नवी गाठ मारावी लागली नाही. हे शेवटचं तू मसुद्यात लिहिलेलं नाहीस. खरं काय ते आजीला विचार. पाणी मे महिन्यापर्यंत टिकलं असेल तर तसं लिही. टिकलं नसेल तर तेही लिही, आणि ‘मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं’ असं सरळ म्हण. ‘असावं’ हा शब्द तुला कमकुवत वाटेल. पण ज्याला कॉलेजात शिकायला घ्यायचंय तो मुलगा आपल्या पुराव्याची हद्द ओळखतो, हे त्या एका शब्दातून दिसतं.

आता काका. कॉमन ॲपच्या सात प्रश्नांतला तू तिसरा निवडलास: एखाद्या समजुतीवर किंवा कल्पनेवर तू प्रश्न उभा केलास तो प्रसंग, विचाराला सुरुवात कशाने झाली आणि पुढे काय झालं. मसुद्यात तू दुसऱ्यांच्या समजुतीवर प्रश्न उभा केलायस. सरकारच्या, खाणमालकांच्या, मोर्चेकऱ्यांच्या. प्रश्नात असं कुठेही म्हटलेलं नाही की समजूत दुसऱ्याचीच हवी. तुझी स्वतःचीही चालते, आणि वादग्रस्त विषयात ती कितीतरी सुरक्षित आणि कितीतरी खोल जागा आहे. ‘खाण बंद होणं म्हणजे आमचा विजय’ अशी तुझी समजूत होती. दहा वर्षांच्या मुलाला ती असणारच. त्याच महिन्यात काकांचे दोन टिपर फणसाखाली उभे राहिले आणि पुढच्या पावसापर्यंत टायरांभोवती गवत उगवलं, हे तूच लिहिलंयस. विहीर आणि टिपर एकाच अंगणात.

सुरुवात काहीशी अशी होऊ शकेल. तू इंग्रजीत आणि तुझ्या शब्दांत लिहिशील, मी फक्त चाल दाखवते:

‘आमच्या अंगणात एक विहीर आहे आणि एक फणस. आजी विहिरीच्या दोराला दर उन्हाळ्यात एक गाठ मारायची. डोंगर कापत खाली जाणारी लोहखनिजाची खाण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि काकांचे दोन टिपर तिथला माल वाहायचे. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने खाण थांबली. मी दहा वर्षांचा होतो. मी आनंदाने ओरडलो. काका फणसाखाली टिपर लावून खाली उतरत होते, त्यांनी ते ऐकलं.’

ओरडलास की नाही मला माहीत नाही. नसशील तर ते लिहू नकोस, जे झालं ते लिही. पण बघ, यात एकही विशेषण कुणाच्या अंगावर फेकलेलं नाही आणि तरी तू कुठल्या बाजूला होतास हे लपलेलं नाही. खाणीच्या बाजूचा वाचक इथपर्यंत तुझ्यासोबत येतो, कारण त्याचा माणूस या अंगणात उभा आहे आणि तुला तो दिसतोय.

पुढचा परिच्छेद काकांची बाजू मांडणारा हवा, आणि ती त्यांनी मांडावी तशी. दुबळी करून नको. आपण विरोधकाचं म्हणणं सांगतो तेव्हा नकळत त्यातलं सगळ्यात फालतू वाक्य निवडतो, मग ते खोडतो आणि जिंकल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्याला ते कळतं. काकांचं सगळ्यात भक्कम म्हणणं काय? मला तुझ्या ओळींतून जे कळलं ते असं: गावातल्या माणसाने जमीन, सोनं तारण ठेवून, बँकेचं कर्ज काढून टिपर घेतला. बेकायदा काय होतं आणि कायदेशीर काय, हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. चूक वरच्यांची ठरली आणि काम एका दिवसात त्याचं गेलं. गॅरेज, टायरचं दुकान, चहाचा गाडा, सगळं त्याच रस्त्यावर. हे वाचून काका म्हणतील का, ‘हो, असंच आहे’? परिच्छेद जमला की नाही ते मी यावरून ठरवते. ते ‘हो’ म्हणतील असं वाटेपर्यंत लिहीत राहा.

इथे बरेच विद्यार्थी घसरतात, म्हणून थांबून सांगते. काकांची बाजू नीट मांडली म्हणजे शेवटी ‘दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर’ असं म्हणायचं नाही. तुला गुळमुळीत लिहायचं नाही ना, मग नको लिहूस. जनसुनावणीत तू निवेदन दिलंस. आजही देशील का? देशील असं मला वाटतं. मग तसं एका वाक्यात, आवाज न चढवता लिही: ‘मी आजही तेच निवेदन देईन.’ आणि त्याच्या पुढे, आज देताना त्यात काय बदलेन ते. म्हणजे खाण नको एवढं म्हणून न थांबता, पुन्हा सुरू झाली तर खंदकाचा उपसा आणि विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून पंचायतीत लावावी, आणि थांबली तर कर्जात अडकलेल्या ट्रकवाल्यांचं काय ते त्याच निवेदनात असावं, असं काहीतरी. तुझं खरं जे असेल ते. मत तेच राहिलं पण आकार बदलला, तर ‘पुढे काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मत बदललंच पाहिजे असं नाही. ज्यांनी खोटं बदललेलं दाखवलंय असे निबंध मी वाचलेत, शेवटच्या परिच्छेदात अचानक सगळे एकमेकांना समजून घेतात आणि त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता धर्माकडे, कारण मसुद्यात तो एकाच वाक्यात येतो आणि ते वाक्य मी पूर्ण खोडलंय: ‘देवळाची समितीसुद्धा विकली गेली.’ समितीने जत्रेला खाणवाल्याची देणगी घेतली असेल, मी नाही म्हणत नाही. पण ही माणसं गावात ओळखू येतात, तू त्यांच्यावर आरोप करतोस आणि तुझ्याकडे सिद्ध करायला काही नाही. दुसरं असं की परदेशी वाचकाला आपल्या देवळांबद्दल या निबंधातून कळणारी पहिली आणि शेवटची गोष्ट ही असेल. ‘विकली गेली’ या शब्दांत देऊळ त्याच्यासाठी संपलं. देणगी हा तुझ्या गोष्टीचा भाग असेलच तर पाहिलेलं सांग, मांडवावरच्या फलकावर कुणाचं नाव होतं आणि त्या फलकाखाली तुम्ही सगळे जेवलात, तूही जेवलास. त्यात तूही आलास म्हणजे तो आरोप राहत नाही.

धर्मावर निबंध लिहिणाऱ्या इतरांसाठीही एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेवर लिहिलं होतं. तिचे वडील धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरणारे भक्त. वैशाख शुद्ध पंचमीच्या आधी काही दिवस व्रत धरायचे, वेगळं राहायचे, स्वयंपाक वेगळा, आणि जत्रेच्या रात्री हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालायचे. पहिल्या मसुद्यात तिने ‘अंधश्रद्धा’ हा शब्द तीनदा वापरला होता. दुसऱ्यात उलट टोकाला जाऊन ‘आमची महान परंपरा’. दोन्ही वेळा ती वाचणाऱ्याला सांगत होती की तू काय मानायचंस. तिसऱ्या वेळी तिने वडिलांची काठी कोपऱ्यात कुठे ठेवलेली असते आणि व्रताच्या दिवसांत ती त्यांना हाक कुठून मारायची ते लिहिलं, आणि मग, मी स्वतः विश्वास ठेवत नाही पण त्या रात्री त्यांच्या पायांकडे बघताना माझे हात जोडलेले होते, असं एक वाक्य. श्रद्धावान वाचकाला ते चाललं असतं आणि नास्तिकालाही, कारण दोघांपैकी कुणालाही तिने चूक ठरवलं नव्हतं. श्रद्धेवर लिहिताना ‘मी मानतो’, ‘आमच्या घरात मानतात’ एवढी चौकट ठेवली की बरंचसं भागतं. ‘सगळ्यांना ठाऊक आहे की’ असं आलं की समजावं, वाचक निसटला.

शब्दांबद्दल थोडक्यात. ‘माफिया’, ‘लूट’, ‘भ्रष्ट यंत्रणा’, ‘अडाणी लोक’ हे चारही काढ. हे शब्द खरे की खोटे हा वेगळा वाद. ते एका बाजूच्या सभेतले शब्द आहेत आणि वाचणाऱ्याला त्यांवरून लगेच बाजू कळते, तुझा विचार मात्र कळत नाही. इंग्रजीत लिहिताना ‘तथाकथित’ या अर्थाचा शब्द तू दोनदा वापरलायस, तोही काढ, त्यात नुसता टोमणा आहे.

तपासायचं कसं? मैत्रिणीला दाखवू नकोस, ती तुझ्याच बाजूची आहे. खाणी सुरू व्हाव्यात असं मनापासून वाटणारा एखादा मोठा माणूस शोध, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणारा. ‘आवडलं का’ विचारू नकोस, गोव्यात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. दोनच गोष्टी विचार. वाचताना कुठे चीड आली, तिथे बोट ठेवा. आणि हा मुलगा तुमच्या शेजारच्या खोलीत चार वर्षं राहिला तर चालेल का? पहिल्याचं उत्तर एखादी ओळ असेल तर ती परत लिही. एक सबंध परिच्छेद असेल तर बहुधा तू अजून रागात आहेस, आठवडाभर मसुदा बंद ठेव. वेळ आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लवकरचा अर्ज भरत असशील तर कमी आहे, जानेवारीच्या मुदतीला भरत असशील तर भरपूर.

आणि एक मर्यादा मान्य करते. एवढं सगळं करूनही एखाद्याला हा निबंध नको वाटू शकतो. काही कॉलेजं स्वतःला एका धर्माशी किंवा विचाराशी बांधलेली असतात, तिथे काय चालेल ते त्यांच्या स्वतःच्या पानांवर वाचून घे. बाकी ठिकाणी तू इतकंच पाहा, की कुणी नाराज झालंच तर तुझ्या मतावर व्हावं, तुझ्या तोंडी असलेल्या एखाद्या हलक्या शब्दावर नाही.

काकांचं नाव निबंधात नसलं तरी त्यांचं कर्ज, त्यांचा टिपर, त्यांचं वाक्य त्यात असणार. ते त्यांचं आहे, विचारल्याशिवाय वापरू नकोस. जनसुनावणीपासून बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. आजीला मध्ये घाल हवं तर. महिन्याचा हप्ता नेमका किती होता आणि टिपर शेवटी किती रुपयांना गेले, ते आकडे तुझ्या मसुद्यात अंदाजाने आहेत. ते काकांकडूनच घे.